४के व्हिडिओ उभा कापल्यावर धूसर का दिसतो? कबड्डीच्या एका चढाईचे गणित

कबड्डीचा सामना मैदानाच्या बाजूला ट्रायपॉडवर ठेवलेल्या कॅमेऱ्याने ४के मध्ये टिपलेला असतो. टीव्हीवर लावला तर चित्र स्वच्छ दिसते. मग त्यातली शेवटची, निर्णायक चढाई मोबाइलसाठी उभी कापून रील किंवा शॉर्ट म्हणून टाकली जाते आणि तिथे खेळाडूचा चेहरा मऊ झालेला असतो, जर्सीवरचा क्रमांक पुसट दिसतो. दोष लगेच ॲपला दिला जातो. ॲप व्हिडिओ दाबते हे खरेच आहे. पण बरेचसे नुकसान त्याआधी, कापताना आणि कधी कधी टिपतानाच झालेले असते. ते कुठे झाले, हे शोधता येते. त्यासाठी थोडे शाळेतले गणित पुरते.

८३ लाखांतून उरतात २६ लाख

आपण ज्याला ४के म्हणतो त्या अल्ट्रा एचडी चित्राची रुंदी ३८४० पिक्सेल आणि उंची २१६० पिक्सेल असते. म्हणजे एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख ठिपके. मोबाइलवरच्या उभ्या व्हिडिओचे प्रमाण ९:१६ असते. आडव्या चित्राची पूर्ण उंची ठेवून त्यातून उभी चौकट कापली, तर तिची रुंदी भरते १२१५ पिक्सेल. १२१५ × २१६०, म्हणजे जेमतेम २६ लाख ठिपके. मूळ चित्राचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग कापला जातो.

रील किंवा शॉर्टसाठी रूढ आकार १०८० × १९२० हा आहे. त्याला सुमारे २१ लाख ठिपके लागतात. आपल्याकडे २६ लाख आहेत, म्हणजे चित्र थोडे लहान करूनच बसवायचे आहे, ८९ टक्क्यांपर्यंत. चित्र लहान करताना तपशील टिकतो, किंबहुना किंचित धारदारच वाटतो. हेच गणित साध्या फुल एचडी व्हिडिओवर करून पाहा. १९२० × १०८० मधून उभी चौकट निघते जेमतेम ६०७ पिक्सेल रुंद. साडेसहा लाख ठिपक्यांतून २१ लाख करायचे, तर उरलेले सॉफ्टवेअरला शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरावे लागतात. फुल एचडीतून कापलेली रील मऊ दिसते ती यामुळे.

म्हणजे ४के आहे म्हणून कितीही कापा, असे नाही. हाती १२१५ आहेत आणि गरज १०८० ची आहे. गरजेपेक्षा साडेबारा टक्के जास्त, बस्स एवढीच शिल्लक. झूम करायचे, तिरका लागलेला कॅमेरा सरळ करायचा, हलणारे चित्र सॉफ्टवेअरने स्थिर करायचे, या सगळ्याचा खर्च याच शिलकीतून होतो. दोन अंशांचा तिरपेपणा सरळ करायलाही दोनेक टक्के जातात. सॉफ्टवेअरने चित्र स्थिर केले, तर कडा कापल्या जाऊन एकट्या त्या कामातच बरीचशी शिल्लक संपू शकते.

मैदानावर याचा अर्थ काय?

आता हे पिक्सेल मैदानावर पसरून पाहू. पुरुष गटाचे कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. कॅमेरा बाजूच्या प्रेक्षागृहात मध्यरेषेच्या समोर आहे आणि दोन्ही टोकांना एकेक मीटर मोकळे सोडून आडव्या चौकटीत मैदानाच्या मध्यावर सुमारे १५ मीटर मावतात, असे धरू. म्हणजे एका मीटरला २५६ पिक्सेल मिळाले. जवळचे खेळाडू थोडे मोठे आणि लांबचे थोडे लहान दिसतील, पण हिशेबाला हा आकडा पुरेसा आहे.

१२१५ पिक्सेल रुंदीच्या उभ्या चौकटीत या हिशेबाने पावणेपाच मीटर मावतात. गंमत अशी, की मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा तिच्यापुढे एक मीटरवर, म्हणजे बरोबर पावणेपाच मीटरवर असते. चौकटीची एक कड मध्यरेषेवर ठेवली तर दुसरी बोनस रेषेवर येते. चढाईपटू पूर्ण दिसतो. पण कोपऱ्यातले बचावपटू अनेकदा बोनस रेषा आणि अंतिम रेषा यांच्यामधल्या पावणेदोन मीटरच्या पट्ट्यात उभे असतात आणि तो पट्टा चौकटीबाहेर राहतो. पकड करणाराच दिसत नसेल, तर ती पकड कसली?

दुसरी अडचण आकाराची. पावणेदोन मीटर उंचीचा खेळाडू या चित्रात साधारण ४५० पिक्सेल भरतो. ८९ टक्के केल्यावर ४०० पिक्सेल. उभ्या पडद्याची उंची १९२०, त्यामुळे खेळाडू तिचा पाचवा हिस्सा व्यापतो. उरलेल्या जागेत मॅट, प्रेक्षक आणि मंडपाचे छत. साहजिकच एडिट करणाऱ्याचा हात झूमकडे जातो. खेळाडू पडद्याच्या एक तृतीयांश हवा असेल, तर तो ६४० पिक्सेलचा करावा लागेल. ४५० चे ६४० म्हणजे मूळ चित्र १४२ टक्के मोठे करणे. शिल्लक तर कधीच संपली, आता कर्ज सुरू झाले. माझ्या मते मूळ चित्र चांगले असेल तर ११५-१२० टक्क्यांपर्यंत फोनच्या पडद्यावर खपून जाते. त्यापुढे जर्सीवरच्या आकड्यांच्या कडा विरघळायला लागतात.

यावरचा खरा उपाय टिपतानाच करायचा असतो. सामना आडवा दाखवायचाच नसेल, फक्त रीलसाठीच टिपायचा असेल, तर फोन सरळ उभा धरा. मग उभ्या चित्राला २१६० × ३८४० असे सगळे ८३ लाख पिक्सेल मिळतात आणि कापाकापीची गरजच उरत नाही. आडवे आणि उभे दोन्ही हवे असेल, तर कॅमेरा थोडा जवळ घेऊन मोकळी जागा कमी करावी. ८के मध्ये टिपणारा कॅमेरा असेल तर हाच हिशेब दुप्पट सैल होतो, उभी चौकट २४३० पिक्सेल रुंद मिळते. पण त्या फायली सांभाळायला संगणकही तसाच लागतो.

आडव्यात लपलेले उभ्यात उघडे पडते

आता अशी स्थिती घ्या की पिक्सेल पुरेसे आहेत, झूमही केलेला नाही, तरी चित्र धूसर आहे. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, कारण तोच व्हिडिओ आडवा पाहिला तर स्वच्छ दिसतो.

फोन उभा धरून आडवा व्हिडिओ पाहताना ३८४० पिक्सेलची रुंदी पडद्याच्या रुंदीत, म्हणजे बहुतेक फोनवर १०८० पिक्सेलच्या आसपास, कोंबली जाते. चित्र २८ टक्क्यांवर येते. उभे कापलेले चित्र मात्र ८९ टक्क्यांवर असते. म्हणजे तीच वस्तू उभ्या क्लिपमध्ये सव्वातीन पट मोठी दिसते आणि तिच्यातला दोषही तितकाच मोठा दिसतो. फोकस जरासा चुकला असेल, लेन्सवर बोटाचा ठसा असेल, हात हलला असेल, तर आडव्या चित्रात तो लपून राहतो. उभे कापले की समोर येतो.

कबड्डीत सगळ्यात जास्त नडतो तो शटर स्पीड. सेकंदाला २५ फ्रेम टिपताना शटर १/५० ठेवण्याचा प्रघात आहे. चढाईपटूचा हात सेकंदाला पाच मीटर वेगाने फिरला, तर १/५० सेकंदात तो १० सेंटीमीटर सरकतो. आपल्या चित्रात ते २५ पिक्सेल झाले. आडव्या पट्टीत ही फरफट सात पिक्सेलची दिसते आणि डोळ्यांना ती वेग वाटते. उभ्या क्लिपमध्ये ती २२ पिक्सेलची होते आणि क्लिप थांबवून पाहिली, तर बोटे कुणाची आणि टाच कुणाची हे कळत नाही. हात लागला की नाही, यावरच तर गुण ठरतो.

शटर १/१०० केला तर फरफट निम्मी होते. त्याहून वेगवान ठेवायचा मोह होईल, पण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. १/५० आणि १/१०० हे आकडे त्या तालात बसतात. १/२५० ठेवला तर काही दिव्यांखाली चित्रात पट्टे फिरताना दिसतात किंवा ते लुकलुकते. दिवसाउजेडी मोकळ्या मैदानावर ही अडचण नाही, तिथे खुशाल वेग वाढवावा. रात्री मात्र १/१०० वर थांबावे आणि कमी झालेल्या प्रकाशासाठी थोडी रवाळी पत्करावी. धूसर हातापेक्षा रवाळ हात बरा.

३१६ हा आकडा दिसला तर थांबा

चित्र उत्तम टिपले आहे, फाइल ४के आहे, तरी एडिटिंगच्या टेबलावर ती नकळत छोटी होऊ शकते. सगळ्यात सरळ प्रकार म्हणजे आधी सामन्याची फुल एचडी हायलाइट्स तयार करायची आणि मग त्या तयार फायलीतून रील कापायची. त्या क्षणी आपण ६०७ पिक्सेलवर आलेलो असतो. रील नेहमी मूळ फायलीतूनच कापायला हवी.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. ॲडोबी प्रीमियर प्रोमध्ये १०८० × १९२० ची उभी टाइमलाइन करून त्यात ४के क्लिप टाकली, की ती बसवण्यासाठी दोन पर्याय अनेक वर्षे शेजारी शेजारी आहेत: Scale to Frame Size आणि Set to Frame Size. आवृत्तीनुसार नावे थोडी बदललेली असू शकतात. वरवर दोन्हींचा परिणाम एकच दिसतो, आडवे चित्र उभ्या चौकटीत पट्टीसारखे बसते. पण पहिला पर्याय चित्राचे पिक्सेलच कमी करून १०८० × ६०७ च्या आसपास आणतो आणि त्यालाच १०० टक्के म्हणतो. मग उभी चौकट भरण्यासाठी ते ३१६ टक्के ताणावे लागते. दुसरा पर्याय मूळ पिक्सेल तसेच ठेवून फक्त मोजमापाचा आकडा २८ करतो. चौकट भरली की हा आकडा ८८.९ होतो.

त्यामुळे एका आकड्यावर नजर ठेवली की पुरते. प्रीमियरमध्ये उभी चौकट भरलेली असताना स्केल ८९ च्या आसपास असेल तर सगळे ठीक. १०० च्या वर गेला की शिल्लक संपली. ३१६ दिसला तर चुकीचा पर्याय निवडला गेला आहे. दाविंची रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांनी मात्र घाबरू नये. तिथे झूमचा आकडा बसवलेल्या चित्राच्या तुलनेत मोजला जातो आणि काम मूळ पिक्सेलवरच होते, म्हणून तिथे ३.१६ हा आकडा योग्यच आहे. तिथली मर्यादा ३.५६.

चौकट हलवायची कशी?

पावणेपाच मीटरच्या चौकटीत साडेसहा मीटरचे अर्धे मैदान मावत नाही, त्यामुळे चौकट सरकवावी लागते. इथे नवखे लोक चढाईपटूचे डोके चौकटीच्या मधोमध ठेवण्याचा हट्ट धरतात. तो दोन पावले मागे गेला की चौकट मागे, पुढे आला की पुढे. असे चित्र पाहताना भोवळ येते. शिवाय सतत सरकणाऱ्या चित्रात प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमपेक्षा वेगळी असल्याने ॲपच्या कॉम्प्रेशनलाही ते जड जाते आणि मॅटवरचा पोत चिखलासारखा होतो.

तीस सेकंदांच्या चढाईला बहुतेक वेळा दोनच जागा पुरतात. चढाईपटू आत असताना चौकटीची कड अंतिम रेषेवर लावायची. मग मध्यरेषेपासून १.७५ मीटरवरून अंतिम रेषेपर्यंतचा भाग दिसतो, निदान रेषेजवळ घोटाळणारा चढाईपटूही दिसतो आणि कोपऱ्यातली साखळीही. तो माघारी वळला की चौकट अडीच मीटर, म्हणजे ६४० पिक्सेल, मध्यरेषेकडे सरकवायची. आता मध्यरेषेच्या पलीकडचाही पाऊण मीटर दिसतो. खेळाडूचा हात रेषेला लागण्याचा क्षण तिथेच घडतो.

एडिट करणाऱ्याला एक फायदा असतो जो मैदानावरच्या कॅमेरामनला नसतो. पुढे काय होणार, हे त्याला माहीत असते. म्हणून सरकण्याची सुरुवात खेळाडू वळायच्या पाच-सहा फ्रेम आधी करावी, सुरुवात आणि शेवट हळुवार ठेवावा आणि साधारण सेकंदभरात हालचाल संपवावी. मूळ व्हिडिओ २५ फ्रेमचा असेल तर क्लिपही २५ फ्रेमचीच ठेवावी. ३० केली तर दर पाच फ्रेममागे एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते आणि सरकणारी चौकट मध्येच अडखळते. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकते.

हे काम आपोआप करणारी साधनेही आहेत. प्रीमियरमध्ये Auto Reframe आहे, रिझॉल्व्हच्या सशुल्क आवृत्तीत Smart Reframe. गुगलने २०२० मध्ये ऑटोफ्लिप नावाची खुली प्रणाली जाहीर केली होती. चित्रात कोण महत्त्वाचे आहे ते ओळखून चौकट स्थिर ठेवायची, सावकाश सरकवायची की मागोमाग न्यायची, हे ती ठरवते. एकटा बोलणारा माणूस असेल तर अशी साधने झकास काम करतात. कबड्डीत मात्र मॅटवर सात बचावपटू, एक चढाईपटू आणि पंच असतात. सगळे हलत असतात, निम्म्यांची जर्सी सारखी असते. झटापट झाली की साधन भलत्याच माणसाला धरून बसते. पहिला कच्चा आराखडा त्याच्याकडून घ्यावा आणि शेवटचे पाच सेकंद स्वतः दुरुस्त करावेत, हे मला व्यवहार्य वाटते.

दोष कुठे आहे, कसे ओळखायचे?

जर्सीवरचा क्रमांक हा सोपा मापदंड आहे. वीस सेंटीमीटर उंचीचा आकडा आपल्या चित्रात ५० पिक्सेलचा असतो, म्हणजे नीट वाचता यायला हवा. आधी संगणकावर मूळ फाइल उघडून, १०० टक्के आकारात, खेळाडू क्षणभर स्थिर असलेल्या फ्रेमवर थांबा. तिथेच क्रमांक पुसट असेल तर दोष टिपण्यात आहे आणि शार्पनेसचे बटण कितीही फिरवले तरी तो परत येणार नाही. फक्त कडांभोवती पांढरी किनार येईल. मूळ फाइलीत स्वच्छ पण तयार क्लिपमध्ये पुसट असेल, तर वर सांगितलेला स्केलचा आकडा तपासा. क्लिप फोनच्या गॅलरीत स्वच्छ आणि अपलोड केल्यावर पुसट, तर मात्र ॲपला बोल लावायला हरकत नाही. अशा वेळी ॲपवर चढवण्याआधी क्लिप फार दाबलेली नाही ना, हे पाहावे. २५-३० फ्रेमच्या १०८० पी व्हिडिओसाठी यूट्यूब स्वतः ८ एमबीपीएस सुचवते. धावपळीच्या खेळासाठी मी १५ ते २० ठेवते, कारण पलीकडे पुन्हा कॉम्प्रेशन होणारच आहे.

आणखी एक टप्पा बहुतेकांच्या हिशेबातच नसतो. मूळ फाइल आपल्यापर्यंत आली कशी? स्पर्धेच्या कार्यकर्त्याने ती व्हॉट्सॲपवर नेहमीच्या व्हिडिओसारखी पाठवली असेल, तर ती वाटेतच लहान होते. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी येते, त्याला मर्यादा २ जीबीची. थेट प्रक्षेपणाची नोंद डाउनलोड केली असेल, तर तिच्यावर ४के लिहिलेले असूनही आतला तपशील कॉम्प्रेशनने खाल्लेला असू शकतो. पिक्सेलची संख्या तीच राहते, पण शेजारचे ठिपके एकमेकांची नक्कल झालेले असतात. आडव्यात ते चालून जाते. उभ्यात सव्वातीन पट मोठे होऊन दिसते.

वादग्रस्त चढाई असेल तर?

कधी कधी तीक्ष्णतेपेक्षा मोठा प्रश्न असतो. चढाईपटूचा हात लागला का, बचावपटूचा पाय आधीच बाहेर गेला होता का, यावर वाद आहे आणि आपली उभी चौकट नेमका तो पाय कापते. मग क्लिप कितीही सुबक असली तरी ती एका बाजूची साक्ष झाली. कमेंटमध्ये पंचांना शिव्या पडतात आणि ज्या गोष्टीवरून निर्णय झाला ती कुणाला दिसलेलीच नसते. बातमीच्या व्हिडिओत ही जबाबदारी आणखी वाढते.

अशा वेळी मी ९:१६ चा हट्ट सोडते आणि ४:५ ची चौकट घेते. ४के चित्राच्या पूर्ण उंचीत ती १७२८ पिक्सेल रुंद मिळते. आपल्या हिशेबात तिच्यात पावणेसात मीटर मावतात. अर्धे मैदान साडेसहा मीटरचे आहे, त्यामुळे मध्यरेषेपासून अंतिम रेषेपर्यंत सगळे एकाच चौकटीत येते आणि ती हलवावीही लागत नाही. पडद्यावर हे चित्र १०८० × १३५० जागा घेते. चित्र ६२ टक्क्यांवर आल्याने फरफट आणि रवाळी दोन्ही कमी होतात. खेळाडू २८० पिक्सेलचा दिसतो, थोडा लहान, पण ओळखू येतो. उरलेल्या ५७० पिक्सेलपैकी बरीचशी जागा वर घेऊन तिथे संघांची नावे आणि गुणफलक लावता येतो. खाली लिहू नये, कारण तिथे ॲपची बटणे आणि खात्याचे नाव येते. मागची मोकळी जागा काळी ठेवावी. मूळ चित्रच धूसर करून मागे लावण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण तिथली हालचाल नजर खेचते आणि कॉम्प्रेशनचे थोडे बिट्सही खाते.

निर्णायक क्षण आला की हीच चौकट एकदा निम्म्या वेगाने दाखवावी. मूळ व्हिडिओ सेकंदाला ५० फ्रेमने टिपलेला असेल तर २५ च्या क्लिपमध्ये निम्मा वेग एकही फ्रेम न ताणता मिळतो. २५ नेच टिपला असेल, तर वेग कमी करण्याऐवजी ती एक फ्रेम दोन सेकंद थांबवून ठेवावी आणि पाय कुठे आहे, ते प्रेक्षकाला पाहू द्यावे.